सोने, शेअर की रोखे? परतावा जोखमीने भागून पाहा

कापसाचे चुकारे हाती पडू लागले की सेलू, सिंदी, केळझर, हिंगणी या भागातल्या वाचकांचा एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो : "सोन्याने शेअर बाजारालाही मागे टाकले म्हणतात, मग सगळा पैसा सोन्यातच का घालू नये?" समृद्धी महामार्गाच्या मोबदल्याची रक्कम अजून बँकेत ठेवून असलेलेही हेच विचारतात. त्याच्या नेमका उलटा प्रश्नही येतो. "म्युच्युअल फंडवाले म्हणतात सोने म्हणजे मेलेला पैसा, मग घरातले सोने मोडून शेअरमध्ये टाकू का?"

दोन्ही प्रश्न विचारणाऱ्यांनी फक्त परतावा पाहिलेला असतो. तो मिळवताना किती हेलकावे सोसावे लागले, हे विचारलेलेच नसते. ते मोजायची एक साधी रीत आहे आणि ती कागद-पेन्सिलीनेही जमते. या लेखात ती सोने, शेअर आणि रोखे यांना लावून दाखवली आहे. ती कुठे फसवते, हेही सांगितले आहे, कारण तिच्यावर डोळे मिटून विसंबणाऱ्यांचेच नुकसान जास्त होते.

आधी तीन आकडे

तुम्हाला तीनच आकडे लागतील.

पहिला, सरासरी वार्षिक परतावा. दर वर्षी किती टक्के वाढ किंवा घट झाली, ते लिहून त्याची सरासरी काढायची.

दुसरा, अस्थिरता. दर वर्षीचा परतावा त्या सरासरीपासून साधारण किती लांब गेला, याचे हे माप. शाळेत आपण याला प्रमाणित विचलन म्हणत होतो. दोन वावरांचा सरासरी उतारा एकरी आठ क्विंटल कापूस असू शकतो. पण एकात दर वर्षी सात ते नऊ येतो आणि दुसऱ्यात एखाद्या साली तीन, तर एखाद्या साली तेरा. पीककर्ज काढून पेरणी करणाऱ्याला ही दोन वावरे सारखी नाहीत. तो फरक अस्थिरता सांगते.

तिसरा, जोखीममुक्त परतावा. काहीच धोका न घेता जे मिळाले असते ते. यासाठी केंद्र सरकारच्या ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा दर धरतात. गेल्या दहा-बारा वर्षांत तो साधारण ३ ते ८ टक्क्यांच्या दरम्यान फिरला. खालच्या हिशेबात मी सोयीसाठी ६ टक्के धरला आहे.

आता पहिल्यातून तिसरा वजा करा आणि दुसऱ्याने भागा :

शार्प गुणोत्तर = (सरासरी परतावा − जोखीममुक्त परतावा) ÷ अस्थिरता

विल्यम शार्प या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये हे माप मांडले. १९९० चे अर्थशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यांपैकी ते एक. जोखमीचा एक एकक सोसल्याबद्दल तुम्हाला वरचा मोबदला किती मिळाला, हे गुणोत्तर सांगते. जितके मोठे तितके चांगले. शून्याच्या खाली गेले, तर जोखीम घेऊनही ट्रेझरी बिलापेक्षा कमीच मिळाले, असा अर्थ.

दहा वर्षांचा हिशेब

खालच्या तक्त्यात २०१५ ते २०२४ या वर्षांचा परतावा टक्क्यांत, पूर्णांकात दिला आहे. सोन्यासाठी देशांतर्गत रुपयातला भाव, शेअरसाठी लाभांश धरून निफ्टी ५० आणि रोख्यांसाठी क्रिसिलचा कंपोझिट बाँड फंड निर्देशांक घेतला आहे.

| वर्ष | सोने | शेअर | रोखे |
|---|---|---|---|
| २०१५ | −७ | −३ | ९ |
| २०१६ | ११ | ४ | १३ |
| २०१७ | ५ | ३० | ५ |
| २०१८ | ८ | ५ | ६ |
| २०१९ | २४ | १३ | ११ |
| २०२० | २८ | १६ | १२ |
| २०२१ | −४ | २६ | ३ |
| २०२२ | १४ | ६ | ३ |
| २०२३ | १५ | २१ | ७ |
| २०२४ | २१ | १० | ९ |

सोन्याचा हिशेब सोबत करून पाहा. दहा आकड्यांची बेरीज ११५, म्हणून सरासरी ११.५ टक्के. आता प्रत्येक वर्षाचा या ११.५ पासूनचा फरक काढा. २०१५ चा फरक −१८.५, २०२० चा १६.५, असे दहा फरक मिळतील. प्रत्येकाचा वर्ग करा आणि सगळे वर्ग मिळवा. बेरीज ११७४.५ येते. तिला ९ ने भागायचे (वर्षे दहा असली तरी नमुन्याच्या हिशेबात एक कमी धरतात) आणि वर्गमूळ काढायचे. उत्तर ११.४. ही सोन्याची अस्थिरता. शेवटी ११.५ मधून ६ वजा करून ११.४ ने भागले की शार्प गुणोत्तर येते ०.४८.

हीच रीत बाकी दोघांना लावली की असे दिसते :

| | सरासरी | अस्थिरता | शार्प |
|---|---|---|---|
| सोने | ११.५ | ११.४ | ०.४८ |
| शेअर | १२.८ | १०.५ | ०.६५ |
| रोखे | ७.८ | ३.६ | ०.५० |

सगळ्यात कमी परतावा देणारे रोखे जोखमीच्या मानाने सोन्याच्या बरोबरीने उभे आहेत, हे पाहून बरेच जण चमकतात. रोख्यांनी ट्रेझरी बिलावर जेमतेम पावणेदोन टक्के जास्त दिले, पण ते देताना हेलकावेही तितकेच कमी दिले. सोन्याने साडेपाच टक्के जास्त दिले आणि त्याची किंमत वसूल केली.

संगणक असेल तर वर्गमुळाच्या भानगडीत पडू नका. एक्सेलमध्ये B2 ते B11 या घरांत दहा वर्षांचे आकडे भरा आणि हे टाका :

```
=AVERAGE(B2:B11)
=STDEV.S(B2:B11)
=(AVERAGE(B2:B11)-6)/STDEV.S(B2:B11)
```

या आकड्यावर किती भार टाकायचा?

वरचा तक्ता पाहून "शेअर पहिले, सोने शेवटचे" असा निकाल लावण्याची घाई करू नका. तीन ठिकाणी हा निकाल डळमळतो.

वार्षिक आकडे मधली पडझड लपवतात. २०२० च्या रकान्यात शेअरपुढे १६ टक्के वाढ दिसते. पण त्याच वर्षी जानेवारीत १२,४०० च्या वर असलेला निफ्टी मार्चअखेरीकडे ७,६०० पर्यंत घसरला होता. ज्यांनी टाळेबंदीत घाबरून विकले, त्यांना तो १६ टक्क्यांचा आकडा कधी दिसलाच नाही. म्हणून जाणकार महिन्याचे आकडे घेतात आणि त्यांच्या विचलनाला १२ च्या वर्गमुळाने गुणून वार्षिक करतात :

```
=STDEV.S(C2:C121)*SQRT(12)
```

असे केले की याच दहा वर्षांत शेअरची अस्थिरता १६-१७ च्या घरात जाते आणि सोन्याची १३ च्या आसपास राहते. मग दोघांचेही शार्प गुणोत्तर ०.४ च्या जवळपास येते आणि शेअरची आघाडी संपते. आकडे तेच, मोजपट्टी बदलली. कोणी तुम्हाला दोन गुंतवणुकींचे शार्प दाखवले, तर दोन्ही मासिक आकड्यांवरून काढले आहेत की वार्षिक, हा पहिला प्रश्न विचारा.

दहा वर्षे म्हणजे दहाच नोंदी. संख्याशास्त्राच्या हिशेबाने इतक्या थोड्या नोंदींवरून काढलेल्या शार्पमध्ये ०.३ इतका इकडचा-तिकडचा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. म्हणजे ०.४८ आणि ०.६५ यांत निर्णय फिरवण्याजोगा फरक नाही. दुसऱ्या दशांश स्थळावरून वाद घालणाऱ्या सल्लागारापासून जरा लांबच राहिलेले बरे.

काळ कोणता निवडला, यावर सगळे अवलंबून. २०१२ च्या अखेरीस दहा ग्रॅम सोने ३१ हजारांच्या आसपास होते आणि २०१८ च्या अखेरीसही ३१ हजारांच्याच आसपास होते. मध्ये २०१५ च्या शेवटी ते २५ हजारांपर्यंत उतरले. या सहा वर्षांसाठी सोन्याचा शार्प सरळ शून्याखाली जातो. त्याच काळात निफ्टी ५,९०० वरून १०,८०० च्या पुढे गेला होता. सोने कधी पडत नाही असे सांगणाऱ्याला या सहा वर्षांचा भाव विचारा. भाव पाडायला सरकारचा एक निर्णयही पुरतो. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचे आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणले गेले आणि देशातला भाव त्याच दिवशी धाडकन खाली आला. जगात काहीच घडले नव्हते.

२०२५ ची झेप आणि तिचा धडा

आता ज्या वर्षामुळे हे सगळे प्रश्न येतात त्याकडे वळू. २०२५ मध्ये रुपयातल्या सोन्याने सुमारे ७५ टक्के वाढ दिली. वरच्या दहा वर्षांना हे अकरावे जोडून पाहा. सरासरी परतावा ११.५ वरून १७.३ वर उडी घेतो. इतका परतावा दिल्यावर शार्पही दीडपट व्हावा, असे वाटेल.

तो होतो ०.५१. जवळपास होता तिथेच.

कारण अस्थिरताही ११.४ वरून २२ वर गेली. शार्प गुणोत्तराला वरचा हेलकावा आणि खालचा हेलकावा सारखाच दिसतो. सरासरीपासून लांब गेलात की दंड, मग तुम्ही नफ्यात गेलात की तोट्यात, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. हा या मापाचा उघड दोष आहे आणि तुम्ही यावर हसलात तर माझी हरकत नाही. पण या दोषात उपयोगाची एक सूचना दडलेली आहे. ज्या वस्तूचा भाव एका वर्षात ७५ टक्के चढू शकतो, ती वस्तू संथ राहिलेली नाही. २०१५ ते २०२४ मधली ११ टक्क्यांची अस्थिरता गृहीत धरून आज सोने घेणाऱ्याने पुढच्या वर्षांत त्याहून मोठ्या हेलकाव्यांची तयारी ठेवावी, मग ते वर जाणारे असोत की खाली.

दागिना घेतला की गणित बदलते

आतापर्यंतचा सगळा हिशेब भावाचा आहे. सेलू-वर्ध्याच्या सराफाकडे किंवा नागपूरच्या इतवारीत आपण भाव विकत घेत नाही, दागिना घेतो.

समजा, तुम्ही एक लाख रुपये मोजून दागिना घेतला. घडणावळ १२ टक्के आणि वर ३ टक्के जीएसटी धरला, तर प्रत्यक्ष सोने येते ८६,७०० रुपयांचे. उरलेले १३,३०० रुपये दुकानातून बाहेर पडतानाच गेले. वरच्या तक्त्यातल्या दहा वर्षांत एक लाखाच्या चोख सोन्याचे २ लाख ८३ हजार झाले. तुमच्या दागिन्यातल्या सोन्याचे झाले २ लाख ४५ हजार. मोडताना सराफाने ३ टक्के घट धरली, तर हाती पडले २ लाख ३८ हजार. वार्षिक परतावा सुमारे ११ वरून ९ वर आला. अस्थिरता मात्र तीच राहिली, कारण हेलकावे भावाचे आहेत. शार्प गुणोत्तर ०.४८ वरून ०.३ च्या आसपास घसरले.

हे दहा वर्षे ठेवल्यावर. तीन वर्षांतच मोडायची वेळ आली, तर हा सुमारे सोळा टक्क्यांचा फटका तीनच वर्षांवर पसरतो. दर वर्षी पाच टक्क्यांहून जास्त. ट्रेझरी बिलावर सोन्याने दिलेला साडेपाच टक्क्यांचा वरचा मोबदला त्यातच संपतो. खडे जडवलेल्या किंवा बारीक नक्षीच्या दागिन्यावर घडणावळ २० टक्क्यांपलीकडेही जाते. तिथे शार्पचा हिशेब करूच नका. तो दागिना आहे, हौसेने घाला.

माझे मत सांगतो. लग्नासाठी, सणासाठी, अंगावर घालण्यासाठी घेतलेले सोने खर्चात धरावे आणि त्यात वावगे काही नाही. गुंतवणूक म्हणून घ्यायचे ते घडणावळ नसलेल्या रूपातच घ्यावे.

एफडीचा शार्प काढू नका

"बँकेच्या एफडीची अस्थिरता शून्य, मग तिचा शार्प अनंत ना?" असे एका निवृत्त गुरुजींनी विचारले होते. शंका रास्त आहे. एफडीचा भाव रोज बाजारात लागत नाही, म्हणून तिच्यात चढ-उतार दिसत नाही. शार्प गुणोत्तर दिसणारी जोखीमच मोजते. बाजारात न विकल्या जाणाऱ्या वस्तूला ते लावले की भलतेच उत्तर येते. शेतजमिनीलाही म्हणूनच ते लागत नाही.

न दिसणारी जोखीम कुठे असते, ते मात्र पाहून घ्या :

- बँकेतली ठेव व्याजासह ५ लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाकडून संरक्षित असते. ही मर्यादा प्रत्येक ठेवीदाराला, प्रत्येक बँकेमागे आहे. त्याहून मोठी रक्कम असेल तर दोन बँकांत विभागा.
- पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. पतसंस्था एक-दीड टक्का जास्त व्याज देते, तेव्हा तो जोखमीचाच मोबदला असतो. फक्त ती जोखीम कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.
- रोख्यांचा भाव व्याजदर वाढले की उतरतो. २०२१ आणि २०२२ मध्ये रोख्यांनी ३-३ टक्केच दिले, त्याचे कारण हेच. रोखे फंडात टाकलेली रक्कम वर्षभरात लागणार असेल, तर लांब मुदतीचा फंड घेऊ नका.

खरा उपयोग जोडी लावताना

तक्ता पुन्हा एकदा आडवा वाचा. २०२१ मध्ये सोने ४ टक्के पडले, शेअर २६ टक्के चढले. २०१९ आणि २०२० मध्ये सोने पुढे, २०१७ मध्ये शेअर पुढे. दोघे एकाच वर्षी पडल्याचे उदाहरण या दशकात २०१५ चे एकच आहे.

आता निम्मे सोने, निम्मे शेअर अशी जोडी धरा आणि दर वर्षाच्या सुरुवातीला पुन्हा निम्मे-निम्मे करा. २०१५ चा परतावा −५, २०१६ चा ७.५, २०१७ चा १७.५, असे दहा आकडे मिळतात. त्यांची सरासरी १२.१५ टक्के, म्हणजे दोघांच्या मधोमध. त्यात नवल नाही. अस्थिरता मात्र मधोमध येत नाही. एकाची ११.४, दुसऱ्याची १०.५ आणि जोडीची फक्त ७.९. शार्प गुणोत्तर होते ०.७८, दोघांपैकी कोणत्याही एकापेक्षा चांगले.

सोने घ्यावे की नाही, या प्रश्नाचे माझ्या मते सगळ्यात ठोस उत्तर इथे आहे. एकटे सोने काही खास नाही. जे आधीच जवळ आहे त्याच्यासोबत ते चालत नाही, हा त्याचा गुण. पण हा गुण तुमच्याकडे शेअर असतील तरच कामाचा. ज्याच्याकडे नुसते सोनेच आहे, त्याला तो काही देत नाही.

निम्मे-निम्मे हे प्रमाण मी हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतले आहे. ते तुमच्यासाठी योग्य आहे असे समजू नका.

एका घराचा हिशेब

आपल्या भागातले एक नेहमीचे घर घ्या. सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन. घरात २२ कॅरेटचे सहा तोळे दागिने. बँकेत २ लाखांची एफडी. कापूस विकून, पेरणीचा आणि घरखर्चाचा पैसा बाजूला काढून ३ लाख उरले. ते किमान आठ-दहा वर्षे लागणार नाहीत. घरातल्यांचा विचार आहे की सोनेच घ्यावे.

पायऱ्या अशा :

1. घरातले सोने आजच्या भावाने मोजा. २४ कॅरेटचा भाव तोळ्याला १ लाख २० हजार धरला, तर २२ कॅरेटचा साधारण १ लाख १० हजार. सहा तोळ्यांचे ६ लाख ६० हजार, मोडताना तीन टक्के घट वजा जाता सुमारे ६ लाख ४० हजार. तुम्ही हिशेब कराल त्या दिवशीचा भाव घाला. किती रुपयांना घेतले होते, ते इथे विसरायचे.
2. एकूण बेरीज करा. ६.४ लाखांचे सोने, २ लाखांची एफडी, ३ लाख नवे. एकूण ११.४ लाख. जमीन धरली नाही, कारण ती विकायची नाही.
3. आताचे प्रमाण पाहा. काही न करता सोने ५६ टक्के आहे. ३ लाखांचे सोने घेतले, तर ते ८२ टक्के होईल आणि शेअर शून्य.
4. दुसरा पर्याय मांडा. ते ३ लाख निफ्टी निर्देशांक फंडात टाकले, तर सोने ५६, शेअर २६ आणि ठेव १८ टक्के असे वाटप होते. वरच्या जोडीचा गुण इथे लागू पडतो.
5. रक्कम एकदम टाकू नका. दर महिन्याला २५ हजार, असे वर्षभरात टाका. यामुळे परतावा वाढेलच असे नाही. पण पहिल्याच महिन्यात बाजार पडला, तर घाबरून बाहेर पडण्याचा मोह कमी होतो.

या घराला माझा सल्ला चौथ्या पायरीचाच राहील. हीच रक्कम चार वर्षांनी मुलीच्या लग्नाला लागणार असती, तर मी शेअरचे नावही काढले नसते. तेव्हा एफडी किंवा कमी मुदतीचा रोखे फंड बरा आणि दागिन्यांसाठी घरातल्या सहा तोळ्यांतले जुने मोडून नवे करणे जास्त शहाणपणाचे. घडणावळ तेवढी नव्याने लागेल, सोने लागणार नाही.

घरात सोने अजिबात नसेल, तर चित्र उलटे. तेव्हा नव्या रकमेतला दहा-पंधरा टक्के भाग सोन्यात घालायला मी हरकत घेणार नाही.

सोने घ्यायचेच तर कोणत्या रूपात

- गोल्ड ईटीएफ : भारतात २००७ पासून आहेत. डीमॅट खाते लागते. घडणावळ नाही, फंडाचा खर्च साधारण वर्षाला एक टक्क्याच्या आत. शार्पचा वरचा हिशेब या रूपाला सगळ्यात जवळचा. बारा महिन्यांनंतर विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के कर.
- गोल्ड फंड : डीमॅट नसेल तर हा. तोच ईटीएफ आतून घेतो, खर्च थोडा जास्त.
- सार्वभौम सुवर्ण रोखे : भावाशिवाय वर्षाला अडीच टक्के व्याज मिळत असल्याने जोखमीच्या मानाने सर्वांत सरस ठरले असते. पण फेब्रुवारी २०२४ च्या मालिकेनंतर सरकारने नवी मालिका काढलेली नाही. जुने रोखे शेअर बाजारात मिळतात. घेताना सोन्याच्या चालू भावापेक्षा किती जास्त मोजता आहात, ते पाहा.
- नाणे किंवा बिस्कीट : ३ टक्के जीएसटी जातोच, वर थोडी घडणावळ. चोवीस महिन्यांनंतर विकल्यास १२.५ टक्के कर.
- मोबाइल ॲपवरचे डिजिटल गोल्ड : सोय भरपूर, पण ते सेबीच्या नियमनात येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सेबीने लोकांना तसे जाहीरपणे बजावले आहे. काही बिनसले, तर सेबीकडे दाद मागता येणार नाही.

तुम्ही काय मागू शकता

- म्युच्युअल फंडाचे मासिक माहितीपत्रक कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. शेअर आणि रोखे फंडांपुढे प्रमाणित विचलन आणि शार्प गुणोत्तर छापलेले असते, बहुधा तीन वर्षांच्या मासिक आकड्यांवरून. दोन फंडांची तुलना एकाच महिन्याच्या पत्रकांवरून करा आणि जोखीममुक्त दर कोणता धरला, ती खालची बारीक ओळ वाचा. ते गुणोत्तर वरच्या आपल्या वार्षिक आकड्यांशी ताडून पाहू नका.
- एजंटाने "शार्प सर्वांत जास्त" असे सांगितले, तर काळ कोणता, असे विचारून तो कागदावर लिहून मागा. फंडाबद्दलची तक्रार आधी कंपनीकडे आणि तिथे दाद लागली नाही, तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर करता येते.
- दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी १ एप्रिल २०२३ पासून आवश्यक आहे. दुकानातच बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकून पाहा. कॅरेट आणि दागिन्याचा प्रकार जुळला पाहिजे.
- बिलात सोन्याचे वजन, शुद्धता, त्या दिवशीचा भाव, घडणावळ आणि कर वेगवेगळे लिहून घ्या. याच बिलावरून दागिन्याचा खरा परतावा पुढे काढता येतो. "बिल नको, तीन टक्के वाचतील" हे ऐकू नका. मोडताना आणि कराच्या हिशेबात ते तीन टक्के महाग पडतात.
- हॉलमार्कच्या दागिन्याची शुद्धता बीआयएसमान्य केंद्रात शुल्क भरून तुम्हाला तपासून घेता येते. ती कमी निघाली, तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचे शुल्क मिळण्याचा तुमचा हक्क आहे. सराफ दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.